गळतीमुळे फुगलेलं पाण्याचं बिल: आधी पाणी कुठे गेलं ते शोधा

प्रश्न: मुलुंडमध्ये आमची २४ सदनिकांची सोसायटी आहे आणि मी खजिनदार आहे. तीन महिन्यांचा आमचा वापर साधारण १,३५० युनिट येतो. या वेळी २,४३० आलाय आणि बिल अडीच पटीहून जास्त झालंय. त्यात मलनिस्सारण आकारही तेवढाच वाढलाय. कुठे ओल नाही, पाणी साचलेलं नाही, कुणाचा नळ वाहत नाही. पाणी पहाटे साडेचार ते साडेसात येतं. प्लंबर म्हणतो गळती असणार, पण सापडत नाही. वॉर्डात विचारलं तर म्हणाले लेखी अर्ज द्या. अर्जात नेमकं काय मागायचं? मलनिस्सारणाचे पैसे तरी कमी होतील का?

उत्तर:

अर्ज लिहायला आज बसू नका. गळती शोधून, ती दुरुस्त करून त्यानंतरची मीटरची वाचनं हाती येईपर्यंत थांबलात तर त्या अर्जाला वजन येईल. सोसायट्यांच्या पाण्याची कामं करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. 'आमची गळती झाली, बिल कमी करा' एवढंच लिहिलेल्या अर्जावर कुणीच काही करू शकत नाही, कारण पाणी मीटरमधून गेलेलं असतं आणि मीटरच्या पुढची पाइप, टाकी, नळ सगळं सोसायटीचं असतं. ते गेलेलं पाणी गटारात गेलं की जमिनीत, हे दाखवता आलं तर मलनिस्सारण आकाराबद्दल बोलायला जागा मिळते. त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, आणि त्याचं उत्तर कागदात नाही, तुमच्या सोसायटीच्या आवारात आहे.

आधी बिल इतकं का फुगलं ते बघू. वापर ऐंशी टक्के वाढला आणि बिल अडीच पटीच्या पुढे गेलं, हे चुकून झालेलं नाही. मुंबईत घरगुती पाणी माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दराने मिळतं. एका घरात पाच माणसं धरतात, म्हणजे सदनिकेमागे रोज ७५० लिटर. ७५० ते १,००० लिटरच्या टप्प्याला दुप्पट दर, १,००० ते १,२५० ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट. जे काही पाणी आकाराचं बिल होईल त्याच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार वर लागतो. तो लिटरवर लागत नाही, पाण्याच्या रुपयांवर लागतो. म्हणून दुप्पट-तिप्पट दराचा फटका मलनिस्सारणातही तसाच उतरतो.

तुमचेच आकडे घेऊन मांडतो. दर सोयीसाठी हजार लिटरला ६ रुपये धरतो, तुम्ही तुमच्या बिलावरचा दर घाला. एक युनिट म्हणजे हजार लिटर. नेहमीचे १,३५० युनिट ९० दिवसांत म्हणजे रोज १५,००० लिटर, सदनिकेमागे ६२५. हे पूर्ण मूळ दरात बसतं. पाण्याचे ८,१०० रुपये आणि मलनिस्सारणाचे ५,६७०, मिळून १३,७७०.

आता २,४३० युनिट म्हणजे रोज २७,००० लिटर, सदनिकेमागे १,१२५. यातले पहिले १८,००० लिटर मूळ दराने, त्यांचे रोजचे १०८ रुपये. पुढचे ६,००० लिटर दुप्पट दराने, ७२ रुपये. उरलेले ३,००० लिटर तिप्पट दराने, ५४ रुपये. रोजचे २३४ रुपये, ९० दिवसांचे २१,०६०. त्यावर मलनिस्सारण १४,७४२. एकूण ३५,८०२.

म्हणजे गळतीने तुमच्यावर २२,०३२ रुपये जादा आले. त्यातले ९,०७२ रुपये मलनिस्सारणाचे. आणि हेच गळतीचं पाणी मूळ दराने मोजलं असतं तर मलनिस्सारण धरून ११,०१६ रुपये झाले असते, म्हणजे बरोबर निम्मे. उरलेले निम्मे निव्वळ वरच्या टप्प्यांत ढकलले गेल्यामुळे लागले. ही फोड तुमच्या खऱ्या दराने करून ठेवा. अर्जात तिचाच उपयोग होणार आहे.

गळती शोधायला उतरण्यापूर्वी दोन गोष्टी बिलावरच तपासा, कारण क्वचित गळती नसतेच. पहिली म्हणजे वाचन. आज मीटरवर जाऊन स्वतः आकडा घ्या आणि बिलावरच्या चालू वाचनाशी जुळवा. आजचा आकडा बिलावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर वाचन चुकलंय, प्रश्न मिटला. मागच्या एक-दोन बिलांवर वाचनाच्या जागी सरासरी लावलेली दिसते का तेही बघा. मीटर काही काळ वाचलं गेलं नाही आणि मग एकदम खरं वाचन आलं, तर आधीच्या काळातला वापर या एका बिलात येऊन पडतो आणि उगाच वरच्या टप्प्यात जातो. तसं असेल तर वापर त्याच्या खऱ्या दिवसांवर पसरून पुन्हा हिशोब करा, अशी मागणी करायची, आणि ती रास्त मागणी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदवलेल्या सदनिकांची संख्या. तुमच्या जोडणीवर २४ ऐवजी २० लागली असतील तर मूळ दराची मर्यादा रोज १८,००० लिटरऐवजी १५,००० वरच संपते. एरवी हे लक्षात येत नाही, कारण नेहमीचा वापर तरीही मर्यादेत बसतो. गळती झाली की हीच चूक महाग पडते. विंग वाढली, मजले वाढले, पण नोंद जुनीच राहिली, असं होतं.

हे दोन्ही ठीक असेल तर आता गळतीकडे.

तुमच्या प्लंबरला ती सापडत नाही याचं कारण बहुधा असं की तो ओल शोधतोय. आपण आधी आकड्यांना विचारू. जादा गेलेलं पाणी १,०८० युनिट, म्हणजे सरासरी रोज १२,००० लिटर. एका मोठ्या टँकरपेक्षाही जास्त पाणी रोज कुठेतरी जातंय. तुमच्याकडे पाणी तीनच तास येतं. मीटर ते खालची टाकी यांच्यामधली पाइप फुटली असेल तर ती फक्त त्या तीन तासांतच वाहणार, एरवी तिच्यात दाबच नसतो. मग हे १२,००० लिटर तीन तासांत गेले पाहिजेत, म्हणजे तासाला ४,०००, मिनिटाला सुमारे ६७ लिटर. एवढ्या धारेने तुमची खालची टाकी नीट भरलीच नसती आणि पहाटे कुठेतरी डबकं दिसलं असतं. उलट गळती खालच्या टाकीत असेल, तर ती चोवीस तास चालते. तासाला ५०० लिटर, मिनिटाला आठेक लिटर. एवढं पाणी जमिनीखाली मुकाट्याने जाऊ शकतं. टाकी रोज भरते, पंप रोज चालतो, रहिवाशांना काही कमी पडत नाही, फक्त पालिकेचं पाणी रोज जरा जास्त वेळ टाकीत पडत राहतं.

म्हणून माझा पहिला संशय खालच्या टाकीवर. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, तेव्हा तीन चाचण्या याच क्रमाने करा.

पहिली, आत येणाऱ्या पाइपची. पहाटे पाणी सुरू असताना टाकीच्या तोंडाशी असलेला बॉलकॉकच्या आधीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि मीटरपाशी उभे राहा. तबकडीवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चाक असतं, अगदी थोड्या पाण्यानेही ते फिरतं. दहा मिनिटं ते स्तब्ध राहिलं तर मीटर ते टाकी हा भाग कोरडा आहे. फिरत राहिलं तर गळती तिथेच आहे, पुढे जायची गरज नाही. व्हॉल्व्ह जुना असेल तर तो स्वतःच पूर्ण बसत नाही आणि फसवतो. म्हणून टाकीत डोकावून बॉलकॉकमधून थेंबही पडत नाही याची खात्री करा. आणि पाणी नुकतंच सुरू झालेलं असताना ही चाचणी घेऊ नका. बंद काळात पाइपमध्ये हवा शिरलेली असते, ती सुटताना मीटर फिरवते.

दुसरी, खालच्या टाकीची. रात्री अकराला गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घ्या, पंप बंद करा, येणारा व्हॉल्व्ह बंद करा. आता खालच्या टाकीत ना काही येतंय ना काही जातंय. भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा, किंवा पट्टी सोडून झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. पहाटे चारला पुन्हा मोजा. पातळी किती उतरली यावरून गळती थेट लिटरमध्ये निघते. समजा टाकी आतून ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की २०० लिटर गेले. तासाला ५०० लिटर जात असतील तर पाच तासांत साडेबारा सेंटीमीटर उतरायला हवेत. बंद टाकीतून बाष्पीभवनाने इतकं जात नाही, ती शंका कुणी काढली तर हेच सांगा. मात्र पंपाच्या पाइपवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब असेल तर वरचं पाणी खाली परत येतं आणि गळती लपते. म्हणून वरच्या टाकीची पातळीही त्याच वेळी नोंदवा.

टाकी आतून तोडायला लागण्यापूर्वी आणखी एक रात्र द्या. मी हाताळलेल्या एका सोसायटीत पहिल्या रात्री पातळी अकरा सेंटीमीटर उतरली. समितीला लगेच टाकी रिकामी करून आख्खी वॉटरप्रूफिंग करायची होती, ठेकेदाराचा आकडाही आला होता. मी त्यांना थांबवलं आणि एका शनिवारी पाणी न घेता टाकी तशीच उतरू दिली, दर तासाला पातळी लिहीत बसलो. उतरण्याचा वेग हळूहळू कमी होत गेला आणि तळापासून सुमारे अडीच फुटांवर पातळी थांबली. तिथून पुढे तीन तास हलली नाही. टाकी ज्या उंचीवर गळायची थांबते, भोक त्याच उंचीवर असतं. टॉर्च मारून त्या रेघेवर चारही भिंती पाहिल्या. पंपघर हलवलं तेव्हा काढून टाकलेल्या जुन्या सक्शन पाइपचं तोंड तिथे होतं. बुच मारून वर सिमेंट लिंपलेलं होतं, ते बुच सुटलं होतं. पाणी पंपघराच्या जुन्या फरशीखालून पावसाळी गटारात जात होतं. सगळ्या टाकीला हात लावायची गरजच पडली नाही.

वेग कमी होत गेला हेही लक्षात ठेवा. पाण्याची उंची जास्त तेवढा दाब जास्त. त्यामुळे भरलेल्या टाकीवर एका तासात मोजलेला आकडा चोवीसने गुणून 'रोज इतकी गळती' असं लिहाल तर तो फुगलेला आकडा असेल, आणि समोर कुणी जाणकार अभियंता असला तर तो तेवढ्यावरच अर्ज बाजूला ठेवील. निरनिराळ्या पातळीवर मोजा आणि टाकी दिवसभर साधारण जिथे असते तिथला वेग धरा.

तिसरी चाचणी गच्चीवरच्या टाकीची आणि घरांची. खालची टाकी स्थिर निघाली तरच तिच्याकडे वळा. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप कुठे उतरतो ते शोधा. पंप वेळेवर बंद होत नसेल आणि ओव्हरफ्लो पावसाच्या पाइपला जोडलेला असेल, तर पाणी रोज वाहून जातं आणि खाली कुणाला कळतही नाही. घरांमध्ये सगळ्यात जास्त पाणी संडासाच्या फ्लशमधून झिरपतं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलेला आहे. पण एक-दोन फ्लशमधून रोज १२,००० लिटर जात नाहीत. बरेच असावे लागतील.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, पाणी गेलं कुठे.

पावसाळा नसलेल्या दिवसांत पहाटे तीनला आवारातली दोन्ही झाकणं उघडा, मैल्याच्या चेंबरचं आणि पावसाळी गटाराचं. सगळे झोपलेले असताना मैल्याच्या चेंबरमध्ये स्वच्छ पाण्याची संथ धार चालू असेल, तर ते फ्लशचं किंवा नळाचं पाणी आहे. ते पालिकेच्या मलवाहिनीत गेलं, वाहून नेलं गेलं. त्याच्या मलनिस्सारण आकारावर मी स्वतः कधी सूट मागणार नाही, कारण ती सेवा घेतलेली आहे. पावसाळी गटारात धार असेल, किंवा दोन्ही कोरडी असून टाकीची पातळी उतरत असेल, तर पाणी मलवाहिनीत गेलेलं नाही. मलनिस्सारण आकाराबद्दलची मागणी फक्त याच दुसऱ्या स्थितीत उभी राहते.

पावसाळी गटारात दिसणारं पाणी तुमच्याच टाकीचं आहे की जमिनीतला झरा आहे, अशी शंका निघेल. त्यासाठी ओटी चाचणीची बाटली आणा, ग्रामपंचायतीत आणि आरोग्य खात्यात वापरतात ती. दोन थेंबांनी पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचं पाणी आहे. उलटं मात्र खरं नाही. मातीतून झिरपताना क्लोरीन संपून जातो, म्हणून रंग आला नाही तरी ते तुमचं पाणी नाही असं ठरत नाही.

गळती सापडली की दुरुस्तीची घाई करण्याआधी फोटो काढा. इथे बहुतेक सोसायट्या चुकतात. भोक बुजवलं, प्लास्टर झालं, टाकी भरली, आणि मग पुरावा म्हणून हातात फक्त ठेकेदाराचं बिल उरतं. जागेचा, भोकाचा, पातळीच्या रेघेचा आणि गटारातल्या धारेचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. शक्य असेल तर दुरुस्तीपूर्वी वॉर्डातल्या जलकामे खात्याला लेखी कळवा की अमुक दिवशी टाकी रिकामी करतोय, पाहणी करायची असल्यास यावं. कुणी आलं नाही तरी तुम्ही बोलावलं होतं याची पोच तुमच्याकडे राहते. दुरुस्ती परवानाधारक प्लंबरकडून करा आणि त्याच्याकडून गळतीची जागा, कारण आणि पाणी जाण्याची वाट लिहिलेलं पत्र घ्या, परवाना क्रमांकासह.

दुरुस्तीनंतर किमान पंधरा दिवस रोज पाणी येऊन गेल्यावर मीटरचं वाचन एका वहीत लिहा. रोजचे २७,००० लिटर पुन्हा १५,००० वर आले हे दाखवणारी ती वही हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे. 'वापरच वाढला असेल' हा आक्षेप तिच्यापुढे टिकत नाही.

अर्ज सहाय्यक अभियंता, जलकामे, तुमचा विभाग यांच्या नावे द्या. मजकूर साधारण असा ठेवा:

> विषय: जलजोडणी क्रमांक ……, दि. …… ते दि. …… या कालावधीच्या देयकाच्या फेरआकारणीबाबत.
>
> महोदय,
>
> आमच्या संस्थेत २४ सदनिका असून नेहमीचा वापर रोज सरासरी १५,००० लिटर आहे. मागील चार देयकांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वरील देयकात वापर रोज २७,००० लिटर दिसतो.
>
> दि. …… रोजी केलेल्या तपासणीत संस्थेच्या भूमिगत टाकीच्या भिंतीत, तळापासून …… सें.मी. उंचीवर गळती आढळली. हे पाणी जमिनीत / पर्जन्य जलवाहिनीत जात होते. मलनिस्सारण वाहिनीत गेलेले नाही. पातळीच्या नोंदी, छायाचित्रे व परवानाधारक प्लंबरचे पत्र सोबत आहे. दि. …… रोजी दुरुस्ती पूर्ण झाली असून त्यानंतरची दैनंदिन मीटर वाचने जोडली आहेत.
>
> विनंती:
> १. जोडणीवरील सदनिकांची संख्या व वाचनाचे दिवस तपासून आकारणी पडताळावी.
> २. गळतीद्वारे गेलेल्या १,०८० युनिटवरील मलनिस्सारण आकार रु. …… कमी करावा, कारण हे पाणी मलवाहिनीत गेलेले नाही.
> ३. सदर १,०८० युनिटची आकारणी वाढीव टप्प्यांऐवजी मूळ दराने करण्याचा विचार व्हावा.
> ४. निर्णय होईपर्यंत नेहमीच्या वापराइतकी रक्कम रु. …… भरण्याची व उर्वरित रकमेस मुदत मिळण्याची परवानगी द्यावी.

या विनंत्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पहिलीत चूक दुरुस्त करायला सांगितलंय. खरंच चूक असेल तर ती नाकारता येत नाही. दुसरीत तर्क आहे आणि पुरावा आहे. तिसरीत निव्वळ विनंती आहे. टप्प्यांचे दर जास्त वापर रोखण्यासाठी आहेत आणि तुमचा वापर वाढलेला नव्हता, एवढाच तुमचा मुद्दा. तो मला न्याय्य वाटतो, पण तो मान्य होईलच हे धरून सभासदांना काही सांगू नका. पाणी आकार मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम १६९ खालच्या नियमांनी लागतो आणि मलनिस्सारण आकार कलम १७० खालच्या. खिडकीवरच्या माणसाला स्वतःच्या अधिकारात आकडा खोडता येत नाही. त्याला टिपणी करून वर पाठवावी लागते. तुमच्या अर्जातली वाक्यं आणि आकडे त्याला टिपणीत जसेच्या तसे उतरवता आले पाहिजेत, एवढ्या साध्या भाषेत अर्ज असावा. 'संपूर्ण बिल माफ करा' असं कधीच लिहू नका. रोजचे १५,००० लिटर तुम्ही वापरलेले आहेत. ते आधीच मान्य केलं की बाकीच्या मागणीवर विश्वास बसतो.

गळतीच्या पाण्याची पाणीपट्टी, मूळ दराने का होईना, भरावी लागेल असं मनात धरा. वरच्या उदाहरणात ती ६,४८० रुपये होते. तुमच्या मागण्या सगळ्या मान्य झाल्या तरी ३५,८०२ चे २०,२५० होतील, १३,७७० नाही. फक्त मलनिस्सारणाची मान्य झाली तर २६,७३०. समितीच्या सभेत हे तीन आकडे मांडा, म्हणजे नंतर कुणी 'एवढंच कमी झालं?' म्हणून तुमच्यावर येणार नाही.

एक सावधगिरी सदनिकांच्या नोंदीबद्दल. ती कमी लागली असेल तर दुरुस्त करून घ्याच, पण आधी भोगवटा प्रमाणपत्र आणि सभासद यादी जुळवा. मंजूर नकाशात नसलेली खोली त्या यादीत आली तर वेगळाच विषय उघडतो.

आणि एक मर्यादा आकड्यांची. रोजचे १२,००० लिटर ही नव्वद दिवसांची सरासरी आहे. गळती शेवटच्या महिन्यातच सुरू झाली असेल तर प्रत्यक्षात रोज ३६,००० लिटर गेले असतील. तेव्हा टाकीच्या चाचणीत तासाला ५०० लिटरच्या जागी १,५०० निघाले तर गोंधळू नका. उलट त्यावरून भागाकार करून गळती कधी सुरू झाली याचा अंदाज येतो. त्या सुमाराला आवारात काही खोदकाम झालं होतं का, पंप बदलला होता का, हे आठवून बघा. चाचणीत तासाला शंभरच लिटर निघाले, तर मात्र बिलाचा हिशोब जुळत नाही आणि आणखी एक गळती कुठेतरी आहे. पहिली सापडली म्हणून शोध थांबवू नका.

अर्ज दिला म्हणून बिल भरणं थांबत नाही. मुदत उलटली की थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के अतिरिक्त आकार चढतो, आणि दोन-तीन महिने टिपणी फिरत राहिली तर तो आकडा छोटा नसतो. म्हणून चौथी विनंती टाकली आहे. तिचं उत्तर मुदतीच्या आत आलं नाही तर 'हरकत राखून' असं पत्र देऊन पूर्ण रक्कम भरा. कमी झालेली रक्कम पुढच्या बिलात वळती करून घेता येते. भरल्याने तुमचा अर्ज बाद होत नाही, पण जोडणी तोडण्याची नोटीस आली की सभासदांचा सगळा राग खजिनदारावर निघतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाकून तुमच्या जोडणीच्या वाचनांची नोंद आणि तुमच्या अर्जावरची टिपणी मागा.

सभासदांमध्ये हे पैसे वाटताना भांडण होईल, तेही आताच सांगतो. आदर्श उपविधीनुसार पाणीपट्टी प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर वाटतात. गळतीचा भाग मात्र मी तसा वाटणार नाही. टाकी सगळ्यांची, तिच्या भिंतीतून गेलेलं पाणी कुणाच्या नळातून गेलेलं नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून तो दुरुस्तीच्या खर्चात दाखवा आणि समान वाटा.

शेवटी, पाणी प्यायचं आहे म्हणून हे लिहितोय. ज्या भोकातून पाणी बाहेर जातं, त्याच भोकातून टाकी अर्धी झाल्यावर आणि बाहेर जमीन भिजलेली असताना घाण पाणी आत येतं. येणाऱ्या पाइपची गळती तर त्याहून वाईट, कारण पाणी बंद झालं की पाइप आत ओढून घेते. मैल्याचा चेंबर टाकीपासून किती अंतरावर आहे ते आजच बघा. गळती टाकीत आहे असं ठरलं की दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा. दुरुस्तीनंतर टाकी घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, ते पाणी काढून टाकल्यावरच भरा. भरल्यावर पहिल्या रात्री पुन्हा खडूची रेघ मारायला विसरू नका.